"बघून घ्या आणि कळवा" या मेसेजमुळे मला 500 पत्रिका परत छापाव्या लागल्या



परवाच्या व्हिडिओत प्रूफचा किस्सा मी दोन मिनिटांत उरकला होता. त्यावर बऱ्याच जणांनी विचारलं की ताई, मग मेसेज नेमका लिहायचा कसा, ते सविस्तर सांगा. म्हणून आज लिहून काढते. माझं दुकान छपाईचं आहे, म्हणजे लग्नपत्रिका, बिलबुक, व्हिजिटिंग कार्ड, फ्लेक्स. त्यामुळे उदाहरणं तिथलीच येतील. पण तुम्ही ब्लाउज शिवत असाल, केक करत असाल किंवा फराळाच्या ऑर्डरी घेत असाल, तर तुमच्याकडेही हेच चालतं. फक्त प्रूफच्या जागी माप, फ्लेवर किंवा किलो येतात.

तर झालं असं. दुकान सुरू करून दुसरंच वर्ष होतं. एक काका मुलीच्या लग्नाची पत्रिका छापायला आले. 500 प्रती, 300 जीएसएम आर्ट कार्ड, बाहेरून सोनेरी फॉइल. मजकूर त्यांनी वहीच्या पानावर लिहून दिला. मी डिझाइन केलं आणि मंगळवारी संध्याकाळी सातच्या सुमारास व्हॉट्सॲपवर प्रूफ पाठवलं. खाली लिहिलं:

"काका, प्रूफ पाठवलंय. बघून घ्या आणि कळवा."

बुधवारी सकाळी काकांचा अंगठा आला. नुसता अंगठा, सोबत एक अक्षर नाही. मी खूश. फाइल प्रेसला पाठवली, प्लेट झाल्या, छपाई झाली, शनिवारी गठ्ठे दुकानात आले. काका घ्यायला आले, वरची पत्रिका उचलली आणि बघतच राहिले. "अहो, यात मुहूर्त 12 वाजून 35 मिनिटांचा आहे. गुरुजींनी तो बदलून 12.53 केला. मी तुम्हाला सांगणारच होतो."

मी म्हटलं, "पण काका, तुम्ही अंगठा पाठवला होता ना?"

"तो मिळालं म्हणून पाठवला. बघितलं कुठं होतं अजून! रात्री सगळे बसून वाचणार होतो."

आता यात चूक कोणाची? त्या दिवशी मला वाटलं काकांची. घरी जाऊन मी माझाच मेसेज परत वाचला, तेव्हा लक्षात आलं की त्यात मी काही विचारलंच नव्हतं. "कळवा" म्हणजे काय कळवा? प्रूफ मिळालं ते कळवा? आवडलं का ते कळवा? चुका कळवा? की छापायला हरकत नाही असं कळवा? मला शेवटचं हवं होतं. काकांनी पहिलं दिलं. त्यांनी त्यांच्या बाजूने अगदी वेळेवर उत्तर दिलं होतं!

शेवटी निम्मा खर्च त्यांनी सोसला, निम्मा मी. माझ्या वाट्याला 4,500 रुपये आले. त्या ऑर्डरमध्ये माझा नफा त्याच्या निम्मासुद्धा नव्हता. आणि नवीन पत्रिका चार दिवस उशिरा मिळाल्या, म्हणून काकांना गावाकडच्या लोकांना आधी फोनवरच आमंत्रण द्यावं लागलं. त्याची खंत त्यांना पैशांपेक्षा जास्त होती.

तोच मेसेज आज मी कसा लिहिते

हा खाली देते तो मेसेज मी आता जवळजवळ असाच्या असा वापरते. समजा प्रूफ मंगळवारी 12 तारखेला तयार झालं आहे.

"काका, पत्रिका हीच, अशीच 500 छापायला देऊ का? गुरुवारी 14 तारखेला दुपारी 4 वाजेपर्यंत 'छापा' किंवा 'थांबा' असं लिहून पाठवा.
उत्तर देण्याआधी चार गोष्टी मोठ्याने वाचा: तारीख आणि वार, मुहूर्त, कार्यालयाचा पत्ता, सगळी नावं.
गुरुवारी 4 पर्यंत 'छापा' आलं तर पत्रिका शनिवारी 16 ला मिळतील. नंतर आलं तर मंगळवारी 19 ला. तुमचं उत्तर येईपर्यंत मी छापायला देणार नाही."

आता यातल्या एकेका गोष्टीमागे काय कारण आहे ते सांगते.

पहिली गोष्ट, प्रश्न सगळ्यात वर आहे. व्हॉट्सॲप उघडल्यावर चॅटच्या यादीत आणि मोबाइलच्या नोटिफिकेशनमध्ये मेसेजचे सुरुवातीचे थोडेच शब्द दिसतात. तिथे "नमस्कार काका, कसे आहात, आपण सांगितल्याप्रमाणे" एवढंच दिसलं, तर माणूस म्हणतो, सावकाश वाचू. "500 छापायला देऊ का?" दिसलं की त्याला कळतं, आपल्याकडून काहीतरी हवंय. बीबीएला आम्हाला बिझनेस कम्युनिकेशनचा अख्खा विषय होता. त्यात पत्राच्या शेवटी 'युवर्स फेथफुली' कधी आणि 'युवर्स सिन्सिअरली' कधी हे घोकलं, पण गिऱ्हाइकाकडून हो की नाही कसं काढायचं हे कोणी शिकवलं नाही. असो.

दुसरी गोष्ट, मी "ओके कळवा" असं म्हणत नाही. 'ओके', 'ठीक आहे', 'हो', 'बरं', 'चालेल' आणि अंगठा, या सगळ्यांचा आपल्याकडे एक अर्थ "ऐकलं" असाही होतो. आई हाक मारते तेव्हा आपण "हो" म्हणतो, पण जागचे उठतो का? म्हणून मी उत्तराचा शब्दच ठरवून देते, आणि असा देते की त्याचा दुसरा अर्थ निघू नये. 'छापा' म्हणजे छापाच. ज्याने अजून वाचलेलं नाही, तो माणूस 'छापा' लिहायला कचरतो. तेच मला हवं असतं. ब्लाउजवाल्या ताईंसाठी तो शब्द 'कापा' होईल, केकवाल्यांसाठी 'नाव बरोबर'. एकदा कापड कापलं की परत जोडता येत नाही, तेव्हा असा शब्द घेतलेला बरा.

तिसरी गोष्ट, चार मुद्दे वाचायला सांगितलेत. "नीट तपासा" म्हटलं की लोक गणपतीचं चित्र आणि रंग बघतात. "छान झालंय" म्हणतात. चूक मात्र आत्याच्या नावात असते. काय वाचायचं ते नेमकं सांगितलं की नजर तिथे जाते. प्रूफही मी फोटो म्हणून पाठवत नाही. फोटो पाठवताना व्हॉट्सॲप तो दाबून लहान करतं आणि बारीक अक्षरं फुटतात. पीडीएफ डॉक्युमेंट म्हणून पाठवलं की ते मोठं करून वाचता येतं.

मुदत कुठून आणायची

बरेच जण मुदत अंदाजाने टाकतात. "लवकर सांगा", "आज-उद्यात कळवा", "जमेल तसं". यातली एकही मुदत नाही. मुदत शेवटाकडून मोजत यायची असते.

माझा हिशोब असा. पत्रिका शनिवारी हव्यात, तर फाइल गुरुवारी साडेपाचपर्यंत प्रेसला पोचली पाहिजे, कारण त्यानंतर ते प्लेट दुसऱ्या दिवशीवर टाकतात. काकांनी एखादी दुरुस्ती सांगितली तर ती करून परत दाखवायला मला अर्धा तास लागतो. म्हणजे झाले पाच. उत्तरच आलं नाही, तर फोन करून विचारायला एक तास हाताशी हवा. म्हणजे चार. म्हणून मेसेजमध्ये चार लिहिलं. साडेपाच लिहिलं असतं तर सव्वापाचला "मामांचं नाव राहिलं" असा मेसेज आला असता, आणि मग माझी धावपळ.

मुदत लिहिताना वार, तारीख आणि वेळ तिन्ही लिहा. मराठीत 'परवा' पुढचाही असतो आणि मागचाही. 'शुक्रवारपर्यंत' म्हणजे शुक्रवार धरून की गुरुवारी रात्रीच संपलं? 'संध्याकाळपर्यंत' म्हणजे माझ्या लेखी सहा, नोकरीवरून घरी येणाऱ्या माणसाच्या लेखी साडेनऊ. वार आणि तारीख दोन्ही लिहिण्याचा आणखी एक फायदा आहे. तुमच्याकडून एखादा आकडा चुकला तर वार जुळत नाही, आणि समोरचा लगेच विचारतो.

आता एक शंका मला क्लासमध्ये नेहमी येते. "ताई, मोठ्या माणसाला चार वाजेपर्यंत सांगा म्हटलं तर उद्धटपणा वाटणार नाही का?" नुसतं "4 वाजेपर्यंत उत्तर द्या" लिहिलं तर वाटेलच. सरकारी नोटीस आल्यासारखं. पण मुदतीच्या मागचं कारण आणि त्यात त्यांचा फायदा काय हे लिहिलं, की तो हुकूम राहत नाही. "4 पर्यंत आलं तर शनिवारी मिळतील, नंतर आलं तर मंगळवारी." निवड त्यांच्या हातात आहे. माझ्या अनुभवात याने कोणी दुखावलं नाही. उलट लग्नघरात शंभर कामं असतात, त्यात या कामाला नेमकी वेळ मिळाली म्हणून लोकांना बरंच वाटतं.

एक पथ्य मात्र पाळावं लागतं. चारनंतर, म्हणजे रात्री नऊला 'छापा' आलं, आणि तरी मी प्रेसच्या हातापाया पडून शनिवारीच पत्रिका दिल्या, तर त्या घरातल्या पुढच्या लग्नात माझ्या चार वाजण्याला काही किंमत उरत नाही. म्हणून मंगळवार लिहिला असेल तर मंगळवारच. आणि खोटी मुदत टाकू नका. खरी गरज रविवारची असताना "आजच सांगा" म्हटलं, की एकदा चालतं, दुसऱ्यांदा लोक ओळखतात.

उत्तर आलंच नाही तर

इथे जरा जपून. मुदतीच्या पुढे लोक एक वाक्य जोडतात, "उत्तर आलं नाही तर होकार समजू." हे वाक्य सोयीचं आहे, पण सगळीकडे चालत नाही. मी साधा विचार करते, जे नंतर बदलता येतं तिथे गप्प बसणं म्हणजे होकार चालेल. जे बदलता येत नाही तिथे गप्प बसणं म्हणजे थांबणं.

उदाहरणार्थ, "काही वेगळं कळवलं नाहीत तर गठ्ठे उद्या दुकानातच ठेवते, रात्री 8 पर्यंत कधीही न्या" हे ठीक आहे. चुकलं तर फार तर एक फेरी वाढेल. पण "उत्तर आलं नाही तर छापते" हे नाही. कारण समोरच्याने मेसेज पाहिलाच नसेल तर? निळ्या टिका दिसल्या म्हणजे चॅट उघडलं गेलं, एवढंच. फोन नातवाच्या हातात असू शकतो. शिवाय वाद झाला तर "मी गप्प बसलो होतो" हा पुरावा होत नाही. 'छापा' हा शब्द होतो.

म्हणून माझ्या मेसेजचं शेवटचं वाक्य आहे, "उत्तर येईपर्यंत छापायला देणार नाही." चार वाजले आणि काही आलं नाही, की मी परत मेसेज करत बसत नाही, सरळ फोन करते. फोनवर बोलणं झालं तरी काम तिथे संपत नाही. फोन ठेवल्या ठेवल्या एक ओळ लिहायची:

"काका, आत्ता फोनवर बोललो त्याप्रमाणे मुहूर्त 12.35 च्या जागी 12.53 केला, बाकी तेच, प्रती 500. बरोबर असेल तर 'छापा' लिहा."

ज्यांना टाइप करता येत नाही, त्यांना मी म्हणते, व्हॉइस मेसेजमध्ये "छापा" म्हणा, नाहीतर मुलीला लिहायला सांगा. एक आजी तर दुकानात येऊन प्रूफच्या कागदावर सही करून गेल्या. तेही चालतं!

जिथे हे बिघडतं

सगळ्यात जास्त बिघडतं ते एकाच मेसेजात चार प्रश्न विचारल्यावर. "कागद क्रीम हवा का पांढरा, पाकिटं किती, मुहूर्त फायनल का, आणि ॲडव्हान्स कधी देताय?" याचं उत्तर येतं "क्रीम". किंवा "हो". लोक सोप्या प्रश्नाचं नाहीतर शेवटच्या प्रश्नाचं उत्तर देतात आणि बाकीचे वाहून जातात. त्यामुळे मी एका मेसेजात एकच निर्णय मागते. कागद आणि पाकिटं ऑर्डर घेतानाच समोरासमोर ठरवून वहीत लिहिते, प्रूफच्या मेसेजात फक्त छापायचं की थांबायचं. आणि "हे का ते" असं विचारायचं असेल तर पर्यायांना नाव द्यायचं. "क्रीम हवा का पांढरा?" याला "हो चालेल" असं उत्तर मला खरोखर आलंय. "'क्रीम' किंवा 'पांढरा', एक शब्द लिहा" म्हटलं की तसं होत नाही.

दुसरं बिघडतं ते ग्रुपवर. हल्ली लग्नघरं मलाच ग्रुपमध्ये घेतात. चौदा माणसं. प्रूफ टाकलं की एक जण म्हणतो छान, दुसरा म्हणतो रंग बदला, तिसरा हात जोडतो, चौथीला आपल्या सासूबाईंचं नाव वर हवं असतं. प्रश्न सगळ्यांना विचारला की तो कोणालाच विचारलेला नसतो. मी ऑर्डर घेतानाच विचारून ठेवते, "शेवटचा शब्द कोणाचा?" मग ग्रुपवर लिहिते, "सगळ्यांनी बघा, दुरुस्त्या दादांना सांगा. 'छापा' मला फक्त दादांकडून हवं, गुरुवारी 4 पर्यंत." घरातला वाद घरात होतो आणि माझ्याकडे एकच उत्तर येतं.

हेच माल पुरवणाऱ्यांच्या बाबतीत उलट्या बाजूने करायचं. "पेपर कधी येतोय?" विचारलं की उत्तर ठरलेलं, "निघालाय." हा शब्द मी तीन-तीन दिवस ऐकलाय. आता असं विचारते: "300 जीएसएम आर्ट कार्डची 100 शीट बुधवारी 13 तारखेला सकाळी 11 च्या आत दुकानात पोचतील का? नसतील तर आज 6 पर्यंत 'नाही' कळवा, मी तेवढी दुसरीकडून घेते." इथे त्याला 'नाही' म्हणायची वाट मोकळी ठेवलीय, हे महत्त्वाचं. माल देणारा 'नाही' म्हणायला घाबरतो, म्हणून 'निघालाय' म्हणतो. त्याने 'नाही' म्हटलं तर माझं काम अडत नाही. तो 'निघालाय' म्हणाला की अडतं.

पाठवायच्या आधी मेसेज बरोबर आहे का हे ओळखायची माझी पद्धत सांगते. मेसेज लिहून झाला की समोरच्याच्या जागी बसून त्याचं उत्तर मनात लिहायचं. याला नुसता अंगठा पाठवून सुटता येतं का? येत असेल, तर मेसेज अर्धवट आहे. उत्तर एका शब्दात देता येतं का? नसेल, तर प्रश्न फोडायला हवा. आणि हे उत्तर आज नाही आलं, तर मी उद्या सकाळी काय करणार आहे? हे मलाच माहीत नसेल, तर मुदत टाकायची राहिली आहे. पाठवून झाल्यावर चूक दिसली, तर व्हॉट्सॲपवर 15 मिनिटांच्या आत मेसेज सुधारता येतो. तारीख चुकली असेल तर मात्र मी सुधारून गप्प बसत नाही, खाली नवीन ओळ लिहून सांगते, कारण आधीची तारीख त्यांनी वाचलेली असू शकते.

रोज रोज एवढं टाइप करायचा कंटाळा येतो, हे मान्य. व्हॉट्सॲप बिझनेसमध्ये क्विक रिप्लाय म्हणून सोय आहे. एकदा मेसेज साठवून त्याला छोटं नाव द्यायचं, मग चॅटमध्ये / टाइप केलं की यादी येते. माझ्याकडे /proof या नावाने वरचाच मेसेज ठेवलाय. वार, तारीख आणि प्रतींच्या जागी मी फुल्या ठेवल्यात, मुद्दाम. आधी तिथे जुनी तारीख राहायची आणि घाईत तशीच जायची. फुल्या दिसल्या की हात थांबतो.

त्या काकांच्या धाकट्या मुलाची पत्रिका गेल्या वर्षी माझ्याकडेच छापली. मेसेज गेला, आणि दहा मिनिटांत काकांचं उत्तर आलं, "थांबा. गुरुजींना विचारून सांगतो." गुरुवारी साडेतीनला 'छापा' आलं.

तुमच्या धंद्यातला असा एखादा मेसेज, जो पाठवून तुम्ही नुसती वाट बघत बसता, तो आज काढून बघा. नावं आणि नंबर पुसून मला पाठवा. रविवारपर्यंत जे येतील, त्यातले पाच पुढच्या व्हिडिओत आपण मिळून नीट लिहू.